गिरणी मंद नव्हती : एका तांदूळ व्यापाराचे निदान

(सुवर्णमहोत्सवानिमित्त खर्डी येथे व्यापारी सभासदांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



विश्वस्तांनी मला व्यापाराविषयी बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा प्रथम थोडा संकोच वाटला. ज्यांच्या घरात तीन-तीन पिढ्यांपासून पेढी आहे, काटा आहे आणि खातेवही आहे, त्यांना व्यापार शिकवणारा मी कोण? म्हणून व्यापार कसा करावा हे सांगण्याचे धाडस मी करणार नाही. धंद्यात काहीतरी बिघडले आहे हे जाणवते, पण नेमके कोठे बिघडले आहे ते उमगत नाही, अशा वेळी निदान कसे करावे, एवढाच आजचा विषय आहे. आपल्याच तालुक्यातील एका भात गिरणीच्या उदाहरणावरून तो मांडतो. मालकाची ओळख उघड होऊ नये म्हणून मी नाव व गाव सांगत नाही आणि हिशेब सोपा व्हावा म्हणून आकडे ठोकळ केले आहेत.

हे गृहस्थ कार्तिक ते माघ या काळात शेतकऱ्यांकडून भात विकत घेतात, ते भरडून तांदूळ करतात आणि कसाऱ्यापासून कल्याणपर्यंतच्या किराणा दुकानदारांना पंचवीस किलोच्या कट्ट्यांतून पुरवतात. शेतकऱ्यांनी स्वतःचे भात आणले तर भरडाई घेऊन तेही भरडून देतात. महामार्गावरील काही खानावळींना त्यांच्या पसंतीचा, ठरावीक प्रमाणात कणी असलेला तांदूळ मागणीप्रमाणे तयार करून देतात. शिवाय गिरणीच्या दर्शनी भागात त्यांचे किरकोळ विक्रीचे दुकान आहेच.

ते माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्या तीन तक्रारी होत्या. शंभर किलो भातातून तांदूळ कमी उतरतो, माल पोहोचायला सरासरी सहा दिवस लागतात आणि पैसा महिनोन्‌महिने अडकून पडतो. त्यांच्या चिरंजीवांनी या तिन्हींचे एकच कारण शोधले होते : गिरणी जुनी झाली, मंद झाली. नव्या, मोठ्या यंत्रासाठी बँकेच्या कर्जाची कागदपत्रे तयार होती आणि तारण म्हणून राहते घर लिहिलेले होते. वडिलांचे मन धजत नव्हते. मला विचारायचे होते ते एवढेच, की सही करू की नको?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आम्ही जी पद्धत वापरली, तिचे नाव ‘स्कोर’. ‘सप्लाय चेन ऑपरेशन्स रेफरन्स’ या इंग्रजी नावाचे ते संक्षिप्त रूप आहे. पुरवठा साखळीतील कामांचा एक प्रमाण नकाशा, असा त्याचा अर्थ घेता येईल. १९९६ साली अमेरिकेत ‘सप्लाय चेन कौन्सिल’ ही संस्था स्थापन झाली आणि तिने हा नकाशा तयार केला. तोपर्यंत प्रत्येक कंपनी आपली कामे आपापल्या शब्दांत सांगत असे. एकाचे ‘पोहोचवणे’ म्हणजे गोदामातून माल निघणे, तर दुसऱ्याचे ‘पोहोचवणे’ म्हणजे ग्राहकाची सही मिळणे. शब्दच वेगळे असतील, तर दोघांच्या दिवसांची तुलना होणार कशी? म्हणून आधी सर्वांनी कामांना एकच नावे देणे आवश्यक होते. पुढे २०१४ साली ही संस्था ‘ॲपिक्स’ या संस्थेत विलीन झाली. २०२२ मध्ये या नकाशाची नवी आवृत्ती आली आणि तिच्यात काही नावे बदलली. मी मात्र त्यापूर्वीची, अधिक रुळलेली नावे वापरणार आहे, कारण आपल्या गिरणीला ती अधिक चपखल बसतात.

या नकाशात सर्वात वरच्या पातळीवर सहा प्रकारची कामे आहेत. नियोजन, खरेदी, निर्मिती, वितरण, परतावा आणि या सर्वांना आधार देणारी साहाय्यक कामे. एवढे तर कोणताही व्यापारी सांगू शकेल. निदानाला खरी मदत होते ती दुसऱ्या पातळीची. तेथे प्रत्येक कामाचे प्रवर्ग पाडलेले आहेत आणि त्यांना छोटे संकेत दिलेले आहेत. निर्मितीचे पाहा. मागणी येण्याआधीच साठ्यासाठी माल तयार करणे हा एक प्रवर्ग, त्याला एम-१ म्हणतात. मागणी आल्यावर तयार करणे हा दुसरा, एम-२. ग्राहकासाठी वस्तूची रचनाच नव्याने करणे हा तिसरा, एम-३. वितरणातही तसेच आहे. साठ्यातून देणे म्हणजे डी-१, मागणीनुसार केलेला माल देणे म्हणजे डी-२, खास रचनेचा माल देणे म्हणजे डी-३ आणि दुकानाच्या गल्ल्यावरून किरकोळ विकणे म्हणजे डी-४. खरेदीचे एस-१ ते एस-३ हे प्रवर्गही याच धर्तीवर आहेत.

हे संकेत पाठ करण्याची गरज नाही. त्यामागचा विचार तेवढा ध्यानात ठेवावा. एकाच छपराखाली चालणारी, वरवर सारखी दिसणारी दोन कामे वेगवेगळ्या प्रवर्गांची असू शकतात. त्यांची सरासरी काढली तर ती दोहोंपैकी एकाचेही खरे चित्र दाखवत नाही. आपल्या गिरणीवाल्यांचेच पाहा. दुकानदारांसाठी ते एम-१ आणि डी-१ चालवत होते, खानावळींसाठी एम-२ आणि डी-२, तर दर्शनी दुकानात डी-४. शेतकऱ्यांची भरडाई हीसुद्धा एम-२च, फक्त तिच्यात माल गिऱ्हाइकाचा असतो. इतके निरनिराळे व्यवहार एकाच वहीत, एकाच सरासरीत कोंबलेले होते.

आता पहिली तक्रार घेऊ : तांदळाचा उतारा. आधारभूत किमतीने घेतलेले सरकारी भात गिरण्यांना भरडायला दिले जाते, तेव्हा साध्या, म्हणजे न उकडलेल्या तांदळासाठी शंभर किलो भातामागे सदुसष्ट किलो तांदूळ असा दंडक धरतात. मर्यादित प्रमाणातील कणी त्यातच आली. आपल्या आदिवासी तालुक्यांत आदिवासी विकास महामंडळाची भात खरेदी परिचयाची असल्याने हा आकडा अनेकांना ठाऊक असेल. आमच्या गृहस्थांचा वर्षाचा सरासरी उतारा चौसष्ट ते पासष्टच्या मध्ये होता. तूट दोन-अडीच किलोंची, आणि ती भरडताना दिसते म्हणून दोष गिरणीला.

पण तूट जेथे दिसते तेथेच ती झालेली असते, असे नाही. आम्ही सरासरी बाजूला ठेवली आणि प्रत्येक खरेदीच्या लॉटचा उतारा वेगळा लिहिला. हंगामातील एकूण खरेदी पंधराशे क्विंटल होती. त्यांपैकी दिवाळीनंतर लगोलग घेतलेल्या सहाशे क्विंटलांचा उतारा बासष्ट निघाला आणि पौष-माघात घेतलेल्या नऊशे क्विंटलांचा सहासष्ट. यंत्र तेच, रबर रोलर तेच, चालवणारा माणूसही तोच. गिरणी कार्तिकात मंद आणि पौषात चपळ होते, असे तर होणार नाही. मग बदलले होते ते फक्त भात.

पक्की खात्री करण्यासाठी आम्ही एक साधा प्रयोग केला. चौदा टक्के आर्द्रतेपर्यंत नीट वाळलेले शंभर किलो भात काट्यावर मोजले, यंत्र पूर्ण रिकामे करून ते एकटेच भरडले आणि तांदूळ पुन्हा मोजला. सदुसष्ट किलो भरला. यंत्र निर्दोष ठरले.

मग बासष्ट कोठून आले? कार्तिकातले भात कापणी-मळणीनंतर थेट काट्यावर येते. त्यात वीस टक्के ओलावा सहज असतो. वीस टक्के ओलाव्याच्या शंभर किलो भातात कोरडा अंश ऐंशी किलो. ते वाळून चौदा टक्क्यांवर आले की कोरडा अंश तोच राहतो, पाणी मात्र उडते आणि एकूण वजन उरते त्र्याण्णव किलो. या त्र्याण्णव किलोंचा सदुसष्ट टक्के उतारा काढा, तो बासष्ट किलोच येतो. म्हणजे गिरणीने एक दाणाही खाल्लेला नव्हता. खरेदीच्या काट्यावरच शंभर किलोंमागे सात किलो पाणी भाताच्या भावाने घेतले गेले होते. भाव वीस रुपये किलो धरला तर क्विंटलमागे एकशे चाळीस रुपये, आणि सहाशे क्विंटलांवर चौऱ्याऐंशी हजार रुपये. नवे यंत्र कितीही मोठे आणले असते तरी ही तूट जशीच्या तशी राहिली असती.

स्कोरच्या भाषेत हा दोष एम-१ चा नव्हे, एस-१ चा. या नकाशाच्या तिसऱ्या पातळीवर एस-१ प्रवर्गाच्या पाच पायऱ्या दिल्या आहेत : माल केव्हा यावा ते ठरवणे, माल ताब्यात घेणे, माल तपासणे, योग्य जागी हलवणे आणि पैसे देण्यास मान्यता देणे. गिरणीत हे सर्व होत होते, पण तिसरी पायरी, तपासणे, ती दाताखाली दाणा चावून उरकली जात असे. अनुभवी माणसाचा दात बराच भरवशाचा असतो हे मला मान्य आहे. पण कार्तिकात रोज चाळीस-पन्नास शेतकरी रांगेत असताना सोळा टक्के आणि वीस टक्के यांतील फरक दाताला कळत नाही. सरकारी खरेदीत सतरा टक्क्यांपेक्षा अधिक ओलाव्याचे भात घेत नाहीत, तेही मापकावर पाहून. येथे उपाय होता एका आर्द्रतामापकाचा. त्याची किंमत काही हजारांत, आणि सही होणार होती ती लाखांच्या कर्जावर.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. पूर्वी ही तूट भरून काढण्यासाठी ते सरसकट कडता कापत असत, म्हणजे वाळलेले भात आणणाऱ्याचेही दोन किलो जात आणि ओले आणणाऱ्याचेही दोनच. त्यामुळे भात वाळवून आणण्यात शेतकऱ्याचा काहीच लाभ नव्हता, उलट तोटाच होता. मापक आल्यावर तो काट्याशेजारी, शेतकऱ्याला आकडा दिसेल असा ठेवला आणि ठोक कडता बंद केला. चौदा टक्क्यांच्या भाताला पूर्ण वजन, त्यापुढे आकड्याप्रमाणे वजावट, आणि ज्याला वजावट नको असेल त्याने खळ्यावर आणखी दोन दिवस वाळवून आणावे. तपासणीची पायरी दोन्ही बाजूंना दिसली, तरच ती तपासणी. नाहीतर तो कडत्याचाच नवा प्रकार ठरतो.

दुसरी तक्रार सहा दिवसांची. वाशीचा एक घाऊक व्यापारी दुसऱ्या दिवशी माल देतो, मग आम्हाला सहा दिवस का लागतात, असा चिरंजीवांचा प्रश्न होता. आम्ही मार्गशीर्षातील एका महिन्याची सर्व चलने काढली. एकूण साठ मागण्या होत्या. त्यांची प्रवर्गवार विभागणी केली, तेव्हा चव्वेचाळीस मागण्या साठ्यातून द्यायच्या, म्हणजे डी-१ होत्या आणि त्यांना सरासरी चार दिवस लागले होते. उरलेल्या सोळा मागणीनुसार करायच्या, म्हणजे डी-२, आणि त्यांना साडेअकरा दिवस लागले होते. दोन्ही एकत्र केल्या की सहा दिवस. प्रत्यक्षात एक प्रकार चार दिवसांचा होता, दुसरा जवळजवळ बारा दिवसांचा. सहा दिवसांचा व्यवहार वहीत क्वचितच होता.

वाशीचा व्यापारी तयार, भरलेली पोती घेतो आणि देतो. त्याचा एक दिवस आपल्या चार दिवसांशी ताडून पाहता येईल, साडेअकरा दिवसांशी मुळीच नाही. तो भरडतच नाही, मग भरडून देण्याची त्याच्याशी स्पर्धा कसली?

मग आम्ही ते चार दिवस उलगडून पाहिले. मागणी वहीत पडून राहण्यात अर्धा दिवस जात होता. कट्टे मोजणे, भरणे आणि शिवणे यात अर्धा दिवस. टेम्पो भरण्याची वाट पाहण्यात अडीच दिवस. प्रत्यक्ष प्रवासात अर्धा दिवस. या हिशेबात गिरणी कोठेच नाही, कारण तांदूळ आधीच तयार होता. टेम्पो पूर्ण भरल्याशिवाय हलवायचा नाही हा भाडे वाचवण्याचा जुना दंडक होता आणि तोच चारपैकी अडीच दिवस खात होता. त्यावर उपाय असा ठरला की कसाऱ्याच्या दिशेला आणि कल्याणच्या दिशेला जाण्याचे वार पक्के करावेत व ते दुकानदारांना कळवावेत. टेम्पो कधी थोडा रिकामा गेला आणि भाडे थोडे वाढले. ते वाढणार हे आधीच सांगितले होते.

साडेअकरा दिवसांच्या मागण्यांची कथा वेगळी होती. त्यांतील सात दिवस भरडाईच्या रांगेत जात आणि प्रत्यक्ष भरडायला एकच दिवस लागे. येथे तरी मोठे यंत्र हवे, असे कोणालाही वाटेल. पण आम्ही गिरणीपाशी दोन दिवस बसून घड्याळ लावले. यंत्र रोज नऊ तास चालू दिसे. त्यांपैकी सुमारे पाच तास भरडाई होई आणि चार तास यंत्र रिकामे करण्यात व झाडण्यात जात, कारण दोन-तीन क्विंटल घेऊन येणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला स्वतःच्याच भाताचा तांदूळ हवा असतो, आणि तो हक्कच आहे. मोठे यंत्र रिकामे करायला अधिक वेळ लागतो. म्हणजे कर्ज काढून रांग वाढली असती. त्याऐवजी आठवड्यातील चार दिवस शेतकऱ्यांच्या भरडाईचे आणि दोन दिवस स्वतःच्या मालाचे असे वाटून दिले. शेतकऱ्यांनाही आपला वार ठाऊक झाल्याने बैलगाडी किंवा टेम्पो घेऊन ताटकळणे कमी झाले.

वेळेखेरीज आणखी एक मोजमाप घेतले. स्कोर त्याला ‘निर्दोष मागणीपूर्ती’ म्हणतो आणि त्याची कसोटी कडक आहे. माल पूर्ण गेला पाहिजे, कबूल केलेल्या दिवशी गेला पाहिजे, चांगल्या स्थितीत पोहोचला पाहिजे आणि बिल-चलन बिनचूक असले पाहिजे. चारही कसोट्यांना उतरली तरच ती मागणी निर्दोष, एक जरी चुकली तरी सदोष. त्या साठ मागण्यांत बारा वेळा माल कमी भरला होता, अठरा वेळा उशीर, चार वेळा बिलात चूक आणि तीन वेळा कट्टा फाटलेला किंवा ओला. काही मागण्यांत दोन दोष एकत्र होते. एकूण सत्तावीस मागण्या सदोष ठरल्या आणि तेहतीस निर्दोष, म्हणजे शंभरात पंचावन्न. मालकांना धक्का बसला, कारण त्यांच्या मनात ‘आमच्या नव्वद टक्के मागण्या नीट जातात’ असे पक्के बसले होते. ते खोटे बोलत नव्हते. ते प्रत्येक कसोटी वेगळी पाहत होते. बिल पाहिले तर नव्वदच्या वर बरोबर होते, कट्टेही नव्वदच्या वर चांगले होते. दुकानदाराला मात्र चारही गोष्टी एकदम लागतात.

माल कमी भरण्याच्या बारा प्रसंगांपैकी नऊ साठ्यातून द्यायच्या मागण्यांत होते. गोदामात तांदूळ असताना तो कमी कसा पडला? कारण गमतीचे होते. सकाळी दूरध्वनीवर एखाद्या दुकानदाराला वीस कट्टे कबूल केले जात. दुपारी दर्शनी दुकानात गिऱ्हाईक आले की त्याच थप्पीतले पाच कट्टे रोखीने जात. डी-१ आणि डी-४ या दोन प्रवर्गांचा साठा एकच होता आणि कबूल केलेला माल राखून ठेवण्याची पायरीच नव्हती. नकाशात ती पायरी डी-१ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर स्पष्ट लिहिलेली आहे : साठा राखणे आणि तारीख ठरवणे. नकाशाचा हाच मोठा उपयोग आहे. आपण जे करतो त्यातील चुका आपल्याला दिसतात, पण जे आपण करतच नाही ते दाखवायला बाहेरची यादी लागते. उपाय सोपा होता. कबूल केलेल्या थप्पीवर दुकानदाराच्या नावाची तांबडी चिठ्ठी लावायची, आणि चिठ्ठी असलेल्या मालाला मालकानेसुद्धा हात लावायचा नाही. शेवटची अट पाळणे सर्वांत कठीण गेले, असे ते स्वतः हसत सांगतात.

तिसरी तक्रार अडकलेल्या पैशाची. माल साठ्यात किती दिवस पडतो, अधिक उधारी किती दिवसांनी वसूल होते, वजा आपण आपल्या पुरवठादाराला किती दिवसांनी पैसे देतो, हा त्याचा हिशेब. येथे साठा सरासरी एकशे वीस दिवस, उधारी तीस दिवस आणि शेतकऱ्यांना पैसे पाच दिवसांत. एकूण एकशे पंचेचाळीस दिवस. चिरंजीवांचे एक मित्र शहरात किराणा दुकान चालवतात. त्यांचा माल वीस दिवसांत खपतो, विक्री रोखीची आणि घाऊक व्यापाऱ्याला पैसे पंधरा दिवसांनी. त्यांचे उत्तर पाच दिवस. एकशे पंचेचाळीस आणि पाच! मुलाची झोप उडाली होती ती या आकड्याने.

पण त्या दुकानदाराला भात घ्यायचे नसते. आपल्याकडचे बहुतेक भात पावसाळी, वर्षातून एकदा पिकणारे. जे माघापर्यंत गोदामात आले नाही ते पुढच्या कार्तिकापर्यंत मिळणार नाही. म्हणून बारा महिने तांदूळ विकणाऱ्या गिरणीत साठा राहणारच, तो आळसाचा नव्हे, ऋतूचा साठा असतो. तुलना करायची तर अशाच गिरण्यांशी. आपल्या परिसरातील आणखी तीन गिरणीमालकांनी विश्वासाने आपले दिवस सांगितले : एकशे तीस, एकशे चाळीस आणि एकशे पंचावन्न. या चौघांत आमचे गृहस्थ मध्यावरच होते. म्हणजे येथे रोग नव्हता. ज्या ठिकाणी रोग नाही तेथे औषध देऊ नये, हेही निदानच आहे.

आता तुलनेविषयी थोडे. स्कोरच्या तुलनेत पन्नासाव्या शतमानाला, म्हणजे बरोबर मध्यावर असणाऱ्याला ‘बरोबरी’ म्हणतात, आणि शंभरात नव्वदांच्या पुढे असणाऱ्याला ‘श्रेष्ठ’. त्या दोहोंच्या मधली पायरी ‘आघाडी’ची. पाच बाजू पाहतात : भरवसा, वेग, बदलत्या मागणीला तोंड देण्याची तयारी, खर्च आणि गुंतलेले भांडवल. पाचही बाजूंनी श्रेष्ठ होण्याचा हट्ट धरू नये, असे ही पद्धत सांगते, कारण वेग वाढवला की खर्च वाढतो आणि साठा घटवला की भरवसा घटतो. एक-दोन बाजू निवडून तेथे श्रेष्ठ व्हावे आणि उरलेल्या ठिकाणी बरोबरी राखावी. आमच्या गृहस्थांनी भरवसा निवडला. दुकानदाराला दुसऱ्याच दिवशी माल नको असतो. ‘बुधवारी येईल’ म्हटले तर बुधवारी आला पाहिजे, एवढेच त्याला हवे असते. म्हणून टेम्पोचे भाडे थोडे वाढू देणे हा तोटा नव्हता, ती निवड होती.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. मोठ्या कंपन्यांपाशी शेकडो कंपन्यांचे आकडे असतात. आमच्यापाशी चार गिरण्यांचे होते, आणि चारांवरून कोणी श्रेष्ठ ठरत नाही, फार तर कोण वेगळा पडतो ते दिसते. एका महिन्याची चलने म्हणजे पूर्ण वर्ष नव्हे. मार्गशीर्षातील रांग ज्येष्ठात नसते, म्हणून पुढच्या वर्षीची तुलना पुन्हा मार्गशीर्षाशीच करावी लागते. शिवाय हा नकाशा दोष कोठे आहे ते दाखवतो, माणसे तशी का वागतात ते सांगत नाही. चलनावर खरी तारीख लिहिली नसेल, तर उत्तम नकाशाही खोटीच वाट दाखवील.

परिणाम कसा झाला, ते सांगून आवरते घेतो. पुढील मार्गशीर्षात बासष्ट मागण्यांपैकी शेहेचाळीस निर्दोष गेल्या, म्हणजे शंभरात चौऱ्याहत्तर. हे श्रेष्ठ नव्हे, पण पंचावन्नाहून बरेच पुढे आहे. कार्तिकातल्या भाताचा उतारा, वाळवण सुधारल्यामुळे, पासष्टवर आला. पैसा आजही एकशे चाळीसच्या आसपास दिवस अडकतो आणि तो अडकणारच. कर्जाच्या कागदावर सही झाली नाही. घर तारणातून वाचले आणि जुनी गिरणी आजही त्याच जागी, त्याच आवाजात चालू आहे.

आपल्यापैकी ज्यांच्या गिरण्या, गोदामे किंवा घाऊक दुकाने आहेत, त्यांना माझी एकच विनंती आहे. घरी गेल्यावर एका महिन्याची चलने काढावीत आणि आधी त्यांचे गठ्ठे करावेत : साठ्यातून दिलेल्यांचा एक, मागणीनुसार करून दिलेल्यांचा दुसरा, गल्ल्यावरच्या विक्रीचा तिसरा. मगच प्रत्येक गठ्ठ्याचे दिवस आणि दोष मोजावेत. चार-पाच जण मिळून दिवस व टक्केवारी एकमेकांना दाखवू शकले तर फार उत्तम. मात्र भाव आणि गिऱ्हाइकांची नावे त्यात आणू नयेत. भाव संगनमताने ठरवणे कायद्याला मान्य नाही आणि निदानाला त्याची गरजही नाही.

 जय जिनेंद्र.